e परिमेय असल्याच्या दाव्याचा प्रतिवाद

«e = २.७१८२८१८२८… यात १८२८ पुन्हा येते, म्हणजे हा आवर्ती दशांश आहे. शिवाय e ची मालिका अपूर्णांकांचीच आहे, आणि अपूर्णांकांची बेरीज अपूर्णांकच येते. मालिकेचा शेष भाग शून्याकडे जातो, तो सोडला तरी चालते. म्हणून e परिमेय आहे.»

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील पीयूसीच्या विद्यार्थ्यांमध्ये हा संदेश फिरतो आहे, आणि त्यातील तिसरे विधान सर्वांत घातक आहे, कारण सिद्धता त्याच शेष भागावर उभी आहे.

पहिला मुद्दा दशांशाचा. १८२८ खरोखरच आवर्ती असते, तर ती संख्या २७१८०१/९९९९० ठरली असती. परंतु या अपूर्णांकाच्या दहाव्या दशांशस्थळी १ येतो, तर e मध्ये तिथे ४ आहे. अर्थात यातून एवढा एकच अपूर्णांक बाद होतो. कितीही अंक मोजले, तरी आवर्तन पुढे कुठे सुरू होणार नाही असे त्यावरून म्हणता येत नाही.

दुसरा मुद्दा बेरजेचा. अपूर्णांकांची बेरीज अपूर्णांक येते हा नियम सान्त बेरजेपुरता आहे. अनंत मालिकेची बेरीज परिमेयही येऊ शकते आणि अपरिमेयही. e च्या बाबतीत निर्णय कसा लागतो, ते पाहू.

e = १ + १/१! + १/२! + १/३! + … ही मालिका घ्या आणि e = p/q असे माना, जिथे p आणि q धन पूर्णांक आहेत. दोन्ही बाजूंना q! ने गुणले, की डावीकडे पूर्णांक मिळतो, आणि उजवीकडे १/q! पर्यंतची सर्व पदेही पूर्णांक होतात. म्हणून उरलेला भाग R हाही पूर्णांकच असला पाहिजे:

R = १/(q+१) + १/((q+१)(q+२)) + …

यातील प्रत्येक पद धन आहे, म्हणून R > ०. दुसऱ्या पदापासून पुढे प्रत्येक छेदातील q+२, q+३ इत्यादी गुणकांच्या जागी q+१ ठेवल्यास पदे मोठी होतात आणि गुणोत्तर श्रेढी मिळते, जिची बेरीज १/q आहे. म्हणून R < १/q ≤ १. शून्य आणि एक यांच्यामध्ये पूर्णांक नसतो, गृहीतक कोसळते.

q = ५ घेऊन पडताळून पाहा: १२० + १२० + ६० + २० + ५ + १ = ३२६, आणि १२०e = ३२६.१९३८…, शेष ०.१९३८… हा ०.२ पेक्षा कमी आहे.

आता तिसरा मुद्दा. शेष नुसता लहान असून भागत नाही. छेदाने गुणल्यावरही तो १ पेक्षा लहान राहिला पाहिजे. १/२ + १/४ + १/८ + … या मालिकेतही n पदांनंतरचा शेष शून्याकडे जातो, परंतु २ⁿ ने गुणल्यावर तो नेमका १ येतो, म्हणजे पूर्णांक, त्यामुळे विसंगती निर्माण होत नाही आणि बेरीज १ ही परिमेयच असते. e मध्ये छेद क्रमगुणितांनी वाढत असल्यामुळे गुणल्यावरही शेष १/q च्या आत राहतो. तो सोडून दिला, तर उरते ती केवळ सान्त बेरीज, e नव्हे.