"मला नाही झोप येत त्याने"

मी औषधाच्या दुकानात काउंटरला असते. सर्दीची गोळी देताना "ही घेऊन गाडी चालवू नका" म्हटलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, "मला नाही झोप येत त्याने." माझा राग या एका वाक्यावर आहे. कारण मीही तेच म्हणायचे.

एकदा रात्री दहाला सर्दीच्या गोळ्यांत असतं त्या क्लोरफेनिरामाइनची ४ मिलिग्रॅमची गोळी घेतली आणि सकाळी सातला स्कूटर काढली. डोळे टक्क उघडे, जांभई नाही. पुढच्या गाडीचा मागचा लाल दिवा लागलेला मला व्यवस्थित दिसला. हात मात्र ब्रेकवर उशिरा गेला. थांबले तेव्हा त्याची नंबर प्लेट माझ्या चाकापासून वीतभर होती.

त्यानंतर मी हिशोब मांडला (खरं तर मला तो आधीच माहीत असायला हवा होता). या औषधाची रक्तातली मात्रा निम्मी व्हायला मोठ्या माणसात सरासरी २० तास लागतात, कुणाला कमी, कुणाला बरेच जास्त. म्हणजे रात्री दहाच्या गोळीचा सकाळी सातला साधारण तीन चतुर्थांश भाग अंगात शिल्लक असतो. गुंगीचा जोर पहिल्या काही तासांत सर्वात जास्त असतो आणि मग ओसरतो, हे खरं. पण ओसरणं म्हणजे संपणं नव्हे. याच जातीचं दुसरं औषध, डायफेनहायड्रामाइन, त्यामानाने लवकर उतरतं, तरी तेही सकाळी जवळपास निम्मं उरलेलं असतं.

ज्या हिस्टामाइनमुळे ॲलर्जीत नाक गळतं, तेच मेंदूत आपल्याला जागं आणि सावध ठेवतं. जुन्या पिढीची ही औषधं मेंदूत शिरून तिथलंही काम अडवतात. आणि आधी मंदावते ती प्रतिक्रिया, झोप जाणवेलच असं नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या आयोवा विद्यापीठाच्या अभ्यासात लोकांना गाडीच्या सिम्युलेटरवर बसवलं होतं. ५० मिलिग्रॅम डायफेनहायड्रामाइन घेतलेल्यांची गाडी दारू प्यायलेल्यांपेक्षाही वाईट चालली. आपल्याला किती झोप येतेय, हे त्यांनी स्वतः सांगितलं होतं. पण त्यावरून कोण किती वाईट चालवेल याचा नीट अंदाज येत नव्हता. तेव्हा "मला झोप येत नाही" हा पुरावा कुचकामी आहे.

परवा एक प्रेस मशीनवर काम करणारे दादा आले. सर्दीची गोळी दिवसातून तीनदा चालू होती, आता खोकल्याचं सिरप हवं होतं. मी स्ट्रिप उलटी केली. एका गोळीत क्लोरफेनिरामाइन २ मिलिग्रॅम. त्यांनी मागितलेल्या सिरपमध्येही तेच, १० मिलिलिटरला ४ मिलिग्रॅम. तिन्ही वेळा दोन्ही घेतलं तर दिवसाला १८. मोठ्या माणसाची २४ तासांची कमाल मर्यादा २४ मिलिग्रॅम, म्हणजे कागदावर सगळं ठीक! पण ती मर्यादा प्रेसखाली हात घालणाऱ्या माणसासाठी आखलेली नाही. शिवाय आधीचा डोस उतरायच्या आत पुढचा पोटात जातो, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवशी रक्तातली मात्रा पहिल्या दिवसापेक्षा कितीतरी वर गेलेली असते. पहिल्या दिवशी काही झालं नाही म्हणून निर्धास्त होणारे नेमके इथे फसतात.

"मग चहा कडक घेतो ना," दादा म्हणाले. चहाने डोळे उघडतात, हाताचा उशीर भरून निघेलच याची खात्री नाही. दारू तर नकोच, रात्रीची सुद्धा. झोपेची किंवा चिंतेची गोळी, कोडीनचं सिरप, ट्रामाडोलसारखी दुखण्याची गोळी चालू असेल तर गुंगीवर गुंगी चढते. ती चालू औषधं मनाने बंद करू नका, सर्दीचं औषध बदलून मागा.

"झोप न येणारी द्या" म्हटलं की लोराटाडिन किंवा फेक्सोफेनाडिन आहे. सेटिरिझिन त्यात धरू नका, त्याने काहींना चांगलीच सुस्ती येते. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर साध्या सर्दीत या नव्या गोळ्या फारशा चालत नाहीत. जुन्या गोळीने नाक सुकतं ते तिच्या दुसऱ्याच एका गुणामुळे, तोंड कोरडं पडतं तेही त्यामुळेच. नव्यांमध्ये तो गुण जवळपास नसतो.

दादांना मी साधी पॅरासिटामॉल आणि मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब दिले. त्यांच्या गोळीतही पॅरासिटामॉल होतं, म्हणून ती बंद करूनच ही घ्यायची, हे दोनदा बजावलं. जुनी गोळी घ्यायचीच असेल तर सुट्टीच्या आदल्या रात्री घ्या आणि शेवटच्या गोळीनंतर पूर्ण एक दिवस मशीनला हात लावू नका, हा माझा स्वतःचा नियम सांगितला. वयस्कर माणसाला मी त्याहून जास्त सांगते. दादांनी खिशातून उरलेली अर्धी स्ट्रिप काढून काउंटरवर ठेवली. कात्रीने कापलेली, नावाचा भाग गेलेला. "ही पण बघा ना, कसली आहे?" ते म्हणाले. मला सांगता आलं नाही.