भगवे कुर्ते पाहिजेत, पोरांसाठी

"दादा, भगवे कुर्ते पाहिजेत. पोरांसाठी. गणपतीच्या आधी. किती होतील?"

दुकानाच्या फोनवर येणाऱ्या या मेसेजमधली पोरं पहिलीतली असू शकतात किंवा मंडळाचे कार्यकर्ते, ज्यांची स्वतःची पोरं आता कॉलेजात जातात. 'किती होतील' हे तर खरं मी विचारायचं. म्हणून दर सांगण्याआधी मी उलट प्रश्न पाठवतो.

पहिला साइजचा. एल, एक्सएल चालणार नाही. एका दुकानाचा एल दुसऱ्याच्या एक्सएलएवढा निघतो. अंगाचं माप तर नकोच. टेप छातीला लागला की प्रत्येक जण पोट आत घेतो, आणि ते पोट ढोल वाजवताना परत येतं. शिवाय अंगावर ३८ भरलेल्या माणसाला कुर्ता ४२ चा लागतो, चारेक इंच मोकळे सुटले तरच हात वर जातात. त्यापेक्षा नीट बसणारा जुना कुर्ता पलंगावर सपाट पसरा, बटणं लावा आणि एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा. २१ इंच आले तर दुप्पट ४२. हाच आकडा मला कळवा.

मग नग. "२५ द्या" एवढ्यावर भागत नाही, साइजप्रमाणे लिहा. उत्तर येतं: ४० चे ८, ४२ चे १२, ४४ चे ६. बेरीज २६! सव्विसावा बहुधा खजिनदार असतो, तो आधी स्वतःला मोजत नाही. "राहिलेले नंतर सांगतो" असं मात्र करू नका. रंगाची पुढची खेप कधीच हुबेहूब उतरत नाही. मग मिरवणुकीच्या फोटोत नंतरचे कुर्ते घातलेले दोघंच पाहुणे दिसतात.

रंगासाठी मला गेल्या वर्षीच्या मिरवणुकीचा, रात्री हॅलोजनखाली काढलेला फोटो येतो. त्यात पांढरासुद्धा भगवा दिसतो. कापडाचा चार बोटं तुकडा पाठवा, मी तो दिवसा दुकानाबाहेर धरून ताग्याशी लावून बघतो. तुकडा नसेल तर केशरी, भगवा, नारंगी अशा तीन कातरणी मी पाठवतो, त्यातली एक निवडा.

शेवटी पत्ता. "वडगाव, मारुतीच्या देवळाजवळ, कोणीही सांगेल." पुण्यात वडगाव शेरीचा पिन ४११०१४ आणि वडगाव बुद्रुकचा ४११०४१. शेवटचे दोन आकडे उलटे पडले की कुर्ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि मारुती तिथेही आहेच. म्हणून पेठ किंवा उपनगर, सोसायटी, सहा आकडी पिन आणि दुपारी फोन उचलणाऱ्याचा नंबर द्या. अध्यक्षांचा नको. ते दुपारी झोपलेले असतात.