१ जूनला जन्मलेल्या माणसांचं प्रतिज्ञापत्र

आमच्या पिढीतल्या आणि त्याआधीच्या निम्म्या माणसांचा वाढदिवस १ जूनला असतो. हसू नका, तुमच्या घरातही एक तरी निघेल. मुलाला शाळेत घालायला बाप जायचा, गुरुजी विचारायचे, "जन्मतारीख?" बाप म्हणायचा, "पावसाळ्याच्या आधी झालाय." गुरुजी मुलाकडे बघून अंदाज घ्यायचे, जूनमध्ये सहा पूर्ण होतील असं वर्ष काढायचे आणि पुढे १ जून लावून मोकळे व्हायचे. त्यातून कुणाचं काही बिघडलं नाही. चाळीस वर्षांनी कुणी जन्मदाखला मागितला, की मग बिघडतं.

ताईच्या बाबतीत तेच झालं. तिची मुलगी परदेशात असते, तिकडच्या कागदपत्रांसाठी ताईचा जन्मदाखला हवा होता. शाळेचा दाखला चालणार नाही, जन्मनोंदीचाच हवा म्हणाले. आता ताईचा जन्म आजोळी, घरात, सुईणीच्या हातून झालेला. नोंद कुणी केलीच नव्हती.

आधी एक गोष्ट सांगतो, कारण बरेच जण इथेच पैसे आणि महिने घालवतात. विलंबित नोंदणीच्या मागे लागण्याआधी ती खरंच लागते का ते बघा. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली २०२३ ची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्या तारखेला किंवा नंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा. त्याआधी जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी शाळा सोडल्याचा दाखला अजून चालतो. तेवढ्यावर भागत असेल तर या वाटेला जाऊ नका. ताईचं भागत नव्हतं.

दुसरं, नोंद जन्म झाला त्या गावीच होते, राहत्या गावी नाही. आम्ही पहिले दोन आठवडे आमच्याच नगरपालिकेत हेलपाटे घातले, कारण मला वाटत होतं की राहतो तिथे अर्ज द्यायचा. काउंटरवरच्या बाईंनी शेवटी विचारलं, "आईचं बाळंतपण कुठे झालं?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आईचं माहेर, म्हणजे मामांची ग्रामपंचायत. तिथे १९७९ ते १९८१ ची जन्म रजिस्टरं काढायला लावली. बघताना मुलीचं नाव शोधायचं नाही. त्या काळी नोंद बापाच्या नावाने व्हायची आणि पुढे नुसतं 'मुलगी'. अशी बिननावाची नोंद सापडली तर विलंबित नोंदणीचा प्रश्नच उरत नाही, फक्त नाव घालून घ्यायचं असतं, आणि त्याची मुदत, नियम निराळे. आम्ही बोट ठेवून तीनही वर्षं पाहिली. नाही सापडली. मग ग्रामपंचायतीकडून 'नोंद आढळून येत नाही' असा दाखला घेतला. पुढचा सगळा अर्ज या एका कागदावर उभा असतो.

जन्म २१ दिवसांत कळवायचा असतो. तीस दिवसांपर्यंत नुसतं विलंब शुल्क, वर्षापर्यंत वरिष्ठांची लेखी परवानगी. वर्ष उलटलं की निबंधकाच्या हातात काही राहत नाही, त्याला दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. पूर्वी तो प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडून, म्हणजे कोर्टातून यायचा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ते काम जिल्हाधिकारी, प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी अधिकृत केलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आलं. शेवटचा शब्द महत्त्वाचा: अधिकृत केलेले. सही करणाऱ्याला तो अधिकार दिलेलाच नसेल तर आदेश टिकत नाही. आदेश हातात आला की आधी पदनाम वाचा. महाराष्ट्रात यावरून बराच गोंधळ झाला. जानेवारी २०२५ मध्ये असे आदेश देणं थांबवलं गेलं आणि मार्चमध्ये नवी, जास्त कडक कार्यपद्धती आली. आता चौकशी होते, कागद पडताळतात, आणि खोटं निघालं तर गुन्हा दाखल होतो.

आता खरा मुद्दा. प्रतिज्ञापत्र.

तहसील कचेरीबाहेर जो टायपिस्ट बसतो त्याच्याकडे मजकूर तयारच असतो. त्याने ताईचा शाळेचा दाखला समोर ठेवला आणि भराभर बडवलं: "मी शपथेवर लिहून देते की माझी मुलगी दिनांक ०१/०६/१९७९ रोजी राहत्या घरी जन्मली. अज्ञानामुळे नोंद करणे राहून गेले." आईला सहीसाठी कागद दिला. आईने चष्मा वर करून वाचला आणि टायपिस्टलाच विचारलं, "अहो, माझं लग्न एप्रिल १९७९ चं. जूनमध्ये मुलगी कशी होईल?"

टायपिस्ट गप्प. मी गप्प. मामा खिडकीबाहेर बघायला लागले.

खरं तर घरात सगळ्यांना ताईचा जन्म कधीचा ते माहीत होतं. १६ फेब्रुवारी १९८० ला, शनिवारी, मोठं सूर्यग्रहण होतं. आई नऊ महिन्यांची. आजीने तिला दिवसभर खोलीत बसवून ठेवलं, ना चाकू हातात घेऊ दिला ना सुई. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई झाली. आजोबांच्या हिशेबाच्या वहीत, बैलांच्या पेंडीच्या खर्चाखाली एक ओळ आहे: "फाल्गुन शु. १, रविवार, सकाळी, कन्या." मी जुनं पंचांग काढून ताडून पाहिलं. शके १९०१, फाल्गुन शुद्ध प्रतिपदा, १७ फेब्रुवारी १९८०, वार रविवार. तिथी, वार, ग्रहण, तिन्ही जुळतात. शाळेत घालताना मात्र १९८५ च्या जूनमध्ये तिला सहा पूर्ण नव्हती, म्हणून गुरुजींनी तिला साडेआठ महिन्यांनी मोठी केली.

ताई म्हणाली, "जाऊ दे रे, १ जूनच लाव. आधारवर १ जून, पॅनवर १ जून, पासपोर्टवर १ जून. आता नवी तारीख आणली तर सगळं फिरवत बसावं लागेल." तिचं चूक नव्हतं. घरातल्या बहुतेकांचं तेच मत पडलं. माझं पडलं नाही, आणि ही पोस्ट लिहायचं कारणही तेच.

प्रतिज्ञापत्र म्हणजे भरून द्यायचा फॉर्म नव्हे. जन्म ज्याच्या डोळ्यांदेखत झाला त्या माणसाची ती साक्ष आहे. खालच्या सत्यापनात लिहिलेलं असतं, 'वरील मजकूर माझ्या वैयक्तिक माहितीप्रमाणे खरा आहे'. आईची वैयक्तिक माहिती ग्रहणाच्या दुसऱ्या दिवसाची आहे. १ जून ही गुरुजींची माहिती, आणि ती त्यांनाही नव्हती. आईने १ जून लिहून सही केली असती तर ते खोटं प्रतिज्ञापत्र झालं असतं, मग घरच्यांचा हेतू कितीही चांगला असो. शिवाय ते पकडलंही गेलं असतं. चौकशीत आई-वडिलांच्या लग्नाची तारीख विचारली, की संपलं.

आम्ही तो कागद फाडला आणि घरी बसून मजकूर स्वतः लिहिला. दोन प्रतिज्ञापत्रं केली, एक आईचं, एक मामांचं. मामा तेव्हा पंचवीस वर्षांचे, घरातच होते, सुईणीला बोलवायला तेच गेले होते. आईच्या कागदात तारीख, गाव, घर, सुईण हयात नाही हे, बाळाला आधी नाव नव्हतं आणि ते बारशाला ठेवलं हे, सगळं साध्या वाक्यांत लिहिलं. 'अज्ञानामुळे' हा शब्द काढला. त्याऐवजी खरं काय झालं ते लिहिलं: बाळंतपण माहेरी झालं, नोंद करायची ती सासरच्यांनी की माहेरच्यांनी हे कुणी ठरवलंच नाही, आणि दोन्ही घरांना वाटलं दुसऱ्याने केली असेल. नोंद दुसरीकडे कुठेही केलेली नाही हे वाक्य वेगळं घातलं. मग सगळ्यात महत्त्वाचा परिच्छेद, जो बहुतेक लोक लपवतात: "शाळेच्या दाखल्यावर व त्यावरून झालेल्या इतर कागदांवर ०१/०६/१९७९ अशी तारीख आहे. ती प्रवेशाच्या वेळी अंदाजाने लिहिली गेली असून खरी नाही."

विसंगती तुम्ही आधी सांगितली तर ती खुलासा ठरते, साहेबांनी शोधून काढली तर संशय. कागद तेच असतात.

पुरावे म्हणून 'नोंद नाही' दाखला, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा (चुकीच्या तारखेसकट), आई-वडिलांची लग्नपत्रिका, आणि वहीचं ते पान जोडलं. मूळ वही सोबत नेली, कारण नुसत्या झेरॉक्सवर शाई जुनी आहे की कालची ते कळत नाही. आधार जोडलं ते फक्त ओळख पटवायला. त्यावरची तारीख शाळेवरूनच आलेली, तो जन्माचा स्वतंत्र पुरावा कसा होईल? चार कागदांवर एकच तारीख दिसली म्हणून ते चार पुरावे होत नाहीत, मूळ एकच असतं. कागद मोजण्याआधी हा हिशोब करा.

स्टॅम्प पेपरबद्दल: सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे. तरी बाहेर बसलेले तुम्हाला ५०० चा घ्यायला लावतात. आत विचारल्याशिवाय घेऊ नका.

पुढे चौकशी झाली, गावात विचारणा झाली. साहेबांनी मामांना एकच प्रश्न विचारला, "पंचेचाळीस वर्षांपूर्वीची तारीख तुम्हाला आठवते कशी?" मामा म्हणाले, "तारीख नाही आठवत साहेब. आदल्या दिवशी भर दुपारी कोंबड्या खुराड्यात शिरल्या होत्या, ते आठवतं. तारीख भाच्याने काढली." साहेबांनी वही जवळ ओढून ती ओळ वाचली, वरचा पेंडीचा खर्चही वाचला, आणि विचारलं, "पेंड एवढी स्वस्त होती?"

आदेश यायला पाच महिने लागले. तो घेऊन पुन्हा ग्रामपंचायतीत गेलो, तिथे नोंद झाली, शेऱ्याच्या रकान्यात आदेशाचा क्रमांक आणि दिनांक आला. दाखल्यावर दोन तारखा असतात हे लक्षात ठेवा, जन्माची १९८० ची आणि नोंदणीची आत्ताची. ती दुसरी तारीख बघून पुढचं प्रत्येक कार्यालय एकदा भुवया उंचावणार, म्हणून आदेशाची प्रत दाखल्याला कायम टाचून ठेवायची.

ताईची पासपोर्टची तारीख बदलण्याची भानगड सध्या चालू आहे आणि ती माझ्यावर चिडलेलीच आहे. काल फोनवर म्हणाली, "तुझ्यामुळे मी साडेआठ महिन्यांनी लहान झाले, तेवढाच काय तो फायदा." मागून आईचा आवाज आला, "लहान नाही झालीस, होतीसच."