पुराव्याचे वीस सेकंद

पालकांसाठी अर्ध्या मिनिटाची रील लिहिणे आणि तिच्यात पुरावा म्हणून एका विद्यार्थ्याच्या वादनाचा तुकडा वापरणे, हे काम मी पूर्ण गांभीर्याने केले होते, हे आधीच नोंदवून ठेवतो; कारण सध्या माझ्या तबल्याच्या वर्गाच्या नावाने जे काही कोल्हापूरभर फिरते आहे, ते पाहून कोणाचाही तसा समज होणार नाही.

गुरुपौर्णिमेला वर्गात छोटी बैठक होते. सतरंजी, समईजवळ ठेवलेला नारळ, बाहेर जुलैचा पाऊस आणि आत ओल्या हवेने सैल पडलेल्या पुड्या, त्यामुळे दर दोन मुलांनंतर हातोडी घेऊन तबला पुन्हा सुरात आणावा लागतो. या बैठकीतलाच एखादा तुकडा रीलमध्ये घ्यायचा हे ठरले होते. प्रश्न होता तो कोणता तुकडा, एवढाच. पालकांपैकी बहुतेकांना तबल्यातले काही कळत नाही आणि ते कळावे अशी अपेक्षाही नाही. पण ज्याला काही कळत नाही त्यालाही डोळ्यांनी दिसेल असे काही दाखवले, तरच त्याला पुरावा म्हणता येते. मुलगा भरभर हात हलवतो आहे, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. भरभर हात तर मुले जेवणाच्या ताटावरही हलवतात.

म्हणून मी तिहाई निवडली. त्रितालाच्या सोळा मात्रा. ‘तिट कत गदि गन धा’ हा पाच मात्रांचा बोल तीनदा वाजवायचा आणि दोन वेळा मध्ये एकेक मात्रा थांबायचे. पाच, एक, पाच, एक, पाच अशा सतरा मात्रा होतात, म्हणजे समेपासून, तालाच्या पहिल्या मात्रेपासून, सुरुवात केली तर शेवटचा ‘धा’ बरोबर पुढच्या समेवर पडतो. मुलाची लय जराशी जरी पळाली किंवा रेंगाळली, तर तो ‘धा’ सम सोडून भलतीकडे पडतो आणि ती चूक झाकता येत नाही. लेहरा, म्हणजे साथीला सतत फिरत राहणारी धून, मिनिटाला 96 मात्रांच्या लयीत लावला होता, म्हणजे एक आवर्तन नेमके 10 सेकंदांचे. 10 सेकंद ठेका आणि 10 सेकंद तिहाई, असा वीस सेकंदांचा, मध्ये कुठेही न कापलेला तुकडा. समेची जागा बघणाऱ्याला कळावी म्हणून मुलाच्या मागे एक मुलगी हाताने ताल धरून बसवली: पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेला खाली, तेव्हा हात बाजूला. आवाज बंद करून बघणारे लोक पुष्कळ असतात. त्यांनाही शेवटचा हात आणि टाळी एकाच क्षणी पडलेली दिसावी, हा हेतू.

मोबाइल कुठे ठेवायचा, हासुद्धा एक शास्त्रार्थच आहे. जमिनीवर बसून वाजवणाऱ्या मुलाला उभ्या चौकटीत घेतले, की तबला-डग्गा नेमका तळाशी जातो आणि तिथेच पडद्यावर खात्याचे नाव आणि मजकूर येऊन बसतो. म्हणजे मुलाचा चेहरा दिसतो, भिंतीवरची तसबीर दिसते, छताचा पंखा दिसतो, फक्त वाद्य दिसत नाही. म्हणून मी तिवईवरचा मोबाइल बसलेल्या मुलाच्या छातीच्या उंचीला आणला आणि दोन्ही हात चौकटीच्या मध्यावर येतील असा थोडा खाली झुकवला. डग्ग्याचा घुमारा मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून जवळजवळ येतच नाही, त्याला इलाज नाही. निदान तळवा पुडीवर दाबत पुढे सरकतो ते तरी दिसावे.

संहिता तीन वाक्यांची होती. सुरुवातीला पडद्यावर: ‘हा मुलगा आता एकच बोल तीनदा वाजवेल. तिसऱ्या वेळी त्याचा हात मागच्या मुलीच्या टाळीबरोबर पडतो का, ते बघा.’ शेवटी: ‘दीड वर्षाचा सराव, आठवड्यातून दोन तास.’ मग वर्गाचा पत्ता आणि फोन. मुलाचे नाव नाही, शाळा नाही, वर्गाची वेळही नाही. चौकटीत दिसणाऱ्या दोन्ही मुलांच्या आईवडिलांची लेखी परवानगी घेतलेली. मुलगाही मुद्दाम सगळ्यांत हुशार निवडला नव्हता. वर्गातल्या सर्वांत तयार मुलाला पुढे केले, तर पालक त्या मुलाची हुशारी बघतात, माझे शिकवणे नव्हे. आणि पुढे स्वतःचे मूल तसे वाजवेना, की भांडायला माझ्याकडेच येतात.

इथपर्यंत सर्व ठीक चालले होते. मग मुलाचे मामा आले.

हे मामा भाच्याला घ्यायला येतात, पण वर्ग सुटण्याआधी अर्धा तास येतात आणि दारातल्या खुर्चीवर बसून शिकवण्यावर देखरेख करतात. त्यांचा व्यवसाय वाळू आणि विटांचा असला, तरी त्यांची खरी ओळख त्यांच्या बैलजोडीच्या रील्समुळे आहे, असे ते स्वतः सांगतात. माझी तीन वाक्ये त्यांनी मोठ्याने वाचली आणि कागद उलटा करून मागेही काही आहे का ते पाहिले.

“सर, हे एवढंच?”

“एवढंच.”

“यात हूक कुठाय?”

मी सांगितले, की तिहाई हाच हूक आहे. हात टाळीवर पडतो की नाही, याची उत्सुकता वाटते.

“सर, राग मानू नका, पण पब्लिकला काय उत्सुकता नसतीय. पब्लिक तीन सेकंदात वर सरकवतंय. माझा बैल बघा, पहिल्याच सेकंदाला डायरेक्ट शिंग कॅमेऱ्यात. थांबतंय का नाही पब्लिक?”

भाच्याला शिंगे नाहीत, हे मी त्यांच्या निदर्शनास आणून दिले. त्यावर त्यांनी क्षणभर भाच्याकडे, त्यावर काही उपाय होईल का अशा नजरेने पाहिले.

“आणि हे दीड वर्ष कशाला लिवलंय? कोण येणार दीड वर्ष ऐकून? एक महिना लिवा.”

“एका महिन्यात तिहाई येत नाही, मामा. एका महिन्यात ‘ना’ आणि ‘तिं’ वेगळे ऐकू आले तरी पुष्कळ.”

“येत नाही, ते तुम्हाला म्हायती. त्यांना कुठं म्हायती?”

हे वाक्य त्यांनी इतक्या निरागसपणे उच्चारले, की मला उत्तर सुचेना. खरे तर शहरातल्या निम्म्या क्लासांच्या जाहिराती याच वाक्यावर चालतात. एका महिन्यात गाणे, पंधरा दिवसांत कीबोर्ड, सुट्टीत नाच आणि शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र. ज्या गावात शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादियाखाँसाहेब गात होते आणि ज्या गावात देवल क्लबच्या बैठकांना माणसे तासन्‌तास मांडी घालून बसत, त्याच गावात मला दीड वर्ष हा शब्द लपवून ठेवण्याचा सल्ला मिळत होता. यात मामांचा दोष किती आणि दर वर्षी जूनमध्ये ‘गॅदरिंगपर्यंत तयार होईल ना?’ असे विचारणाऱ्या पालकांचा किती, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

मामांच्या आणखीही सूचना होत्या. मुलाने हसावे. मी तिहाई मोजणाऱ्या मुलाला हसायला लावणार नाही म्हटल्यावर, मीच हसावे. शेवटचा ‘धा’ संथ गतीत दाखवावा. (ज्या तुकड्यात केवळ वेळेचा पुरावा आहे, तिथे वेळच ताणायची!) ठेक्याचे दहा सेकंद कापावेत, कारण “तेवढ्यात नुसतं धिन धिन हाय”. लय कोणती धरली आहे हे ठेक्याशिवाय कळत नाही, ठेका कापला तर मुलाने तिहाई हव्या त्या वेगाने वाजवून पूर्ण केली नसेल कशावरून, हे मी त्यांना टाळ्या देऊन समजावले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि मागच्या मुलीकडे बोट दाखवून विचारले, “ही कुणाची? हिला कशाला टाळ्या वाजवायला बसवलंय? बक्षीस मिळालंय काय?”

माझी रील मी माझ्याच पद्धतीने प्रसिद्ध केली. ती शंभरेक जणांनी पाहिली. त्यातले बरेच विद्यार्थ्यांचे नातेवाईक असावेत, कारण खाली नुसते हात जोडलेले होते. मुलाच्या घरच्यांना मूळ चित्रफीत दिली होती, तो त्यांचा हक्कच होता. ती मामांकडे पोहोचली.

मामांच्या आवृत्तीत माझा लेहरा नाही. तबलाही नाही. त्यावर हलगी-घुमक्याचा सध्या गाजणारा आवाज चढवलेला आहे. टाळ्या देणारी मुलगी चौकटीबाहेर गेली आहे, ठेका कापला आहे आणि तिहाईच्या मध्यावर मुलाचा चेहरा तीन वेळा पुढे-मागे होतो. सर्वांत वाईट म्हणजे, शेवटचा ‘धा’ वाजवून मुलगा अतिशय रुबाबात हात उचलतो आणि त्यानंतरही हलगी दणदणत राहते, त्यामुळे पोराला मध्येच विसर पडला आणि तो हताश होऊन थांबला, असे दिसते. वर मोठ्या पिवळ्या अक्षरांत मुलाचे पूर्ण नाव आणि शाळा होती. त्यावरून मात्र मी आवाज चढवला आणि ती दोन्ही त्याच रात्री काढून घ्यायला लावली. खाली वर्गाचे नाव आणि माझा फोन नंबर तसाच आहे. “जाहिरात फुकट झाली की सर तुमची,” असे मामांचे म्हणणे आहे, आणि पाहणाऱ्यांचा आकडा ते मला दररोज सकाळी न चुकता कळवतात.

त्या आकड्याचे फळ म्हणून फोन येतात, नाही असे नाही. एका बाईंनी ‘तुमच्याकडे हलगीसाठी वय काय लागतं?’ असे विचारले. तबला शिकवतो म्हटल्यावर त्यांनी ‘मग रीलमध्ये हलगी कशाला?’ असा प्रश्न केला, आणि त्या प्रश्नात खोट काढायला जागाच नव्हती. मुलाचे हात दाखवून आवाज दुसऱ्याचा ऐकवणाऱ्या शिक्षकाकडे स्वतःचे मूल सोपवू नये, हेच मी कोणत्याही पालकाला सांगितले असते, आणि इथे तर तो शिक्षक पत्त्यासकट मीच होतो. परवा एका तरुण मंडळाच्या अध्यक्षांनी मिरवणुकीसाठी ताफ्याची सुपारी किती, दोन तासांचे वेगळे आणि रात्री दहापर्यंतचे वेगळे का, अशी सविस्तर चौकशी केली. आमच्याकडे ताफा नाही, एक लहान मुलगा आहे आणि तोही बसून वाजवतो, असे मी सांगितले. “ट्रॉलीवर बसवू की!” ते म्हणाले. मी त्यांना मामांचा नंबर दिला आहे. मामांनी दर सांगितला असल्याचे कळते.