मावशीला पाच हजारांचा भुर्दंड लावणारा फॉरवर्ड

"पार्टनरशिपचे चार नियम, सेव्ह करून ठेवा!! 1) कॅपिटलवरचं व्याज हा धंद्याचा खर्च आहे, नफा असो नसो, द्यावंच लागतं. 2) करारात काही नसेल तर कॅपिटलवर 6% व्याज. 3) फिक्स्ड कॅपिटलचा आकडा कधीच बदलत नाही. 4) उचलीवर व्याज नेहमी 6 महिन्यांचं."

हे माझ्या मावशीच्या ग्रुपवर आलं. मावशी लालबागला मैत्रिणीबरोबर भागीदारीत मसाल्याचं दुकान चालवते, आणि तिने रात्री दहाला फोन करून विचारलं, "अगं, नफा झालाय ना, मग मी उलट पाच हजार का भरायचे?" मी दिवसभर हिशेबाच्या वह्यांतच असते, तरी हे ऐकून डोकं फिरलं.

मैत्रिणीचं भांडवल 4 लाख, मावशीचं 2 लाख, भागीदारीच्या करारात, म्हणजे डीडमध्ये, भांडवलावर 10% व्याज आणि बाकीचा नफा-तोटा निम्मा निम्मा. म्हणजे व्याज झालं 40,000 आणि 20,000, एकूण 60,000. पण दुकानाच्या दुरुस्तीत पैसे गेले आणि व्याज धरायच्या आधीचा नफा उरला फक्त 30,000. आता फॉरवर्डप्रमाणे व्याज खर्च म्हणून टाकलं की 30,000 चा "तोटा" दिसतो, तो दोघींत 15-15 हजार वाटायचा, म्हणजे मैत्रिणीच्या हातात 40 वजा 15, पंचवीस हजार, आणि मावशीच्या वीस वजा पंधरा, पाच हजार. मावशीने पुढे मैत्रिणीशी बोलून काय समजून घेतलं देव जाणे, पण तिला वाटलं की हे पाच हजार तिनेच भरायचे. भरायचे नाहीत, पण तिचे पाच हजार जातायत हे मात्र खरं, कारण तिला मिळायला हवे होते दहा.

कसे ते सांगते. भारतीय भागीदारी कायदा 1932, कलम 13, पोटकलम (क): भागीदाराला भांडवलावर व्याजाचा हक्क असेल तर ते फक्त नफ्यातूनच देता येतं. फक्त नफ्यातून! म्हणून ते प्रॉफिट अँड लॉस खात्यात येत नाही, त्यानंतरच्या नफा-तोटा विनियोजन खात्यात येतं, म्हणजे जिथे झालेला नफा वाटला जातो तिथे. तिथे 30,000 च आले असतील तर वाटायलाही 30,000 च. ते व्याजाच्याच प्रमाणात, 40:20 म्हणजे 2:1 असे वाटायचे, मैत्रिणीला 20,000, मावशीला 10,000, आणि निम्म्याने वाटायला मागे काहीच उरत नाही. आणि खरोखर तोटा असता तर व्याज शून्य, तोटा सरळ निम्मा निम्मा. ज्याचं भांडवल कमी त्याच्याच खिशातून हा फॉरवर्ड पैसे काढतो, म्हणून राग येतो.

एक मान्य करते. डीडमध्ये स्पष्ट लिहिलं असेल की तोटा झाला तरी व्याज द्यायचं, तर ते खर्चासारखंच टाकतात, कारण कलम 13 कराराच्या अधीन आहे. पण तसं लिहिलेलं हवं, आणि मावशीचं डीड मी दोनदा वाचलं, त्यात नाही.

6% चं म्हणाल तर तो आकडा आहे त्याच कलमात, फक्त भांडवलासाठी नाही. ठरलेल्या भांडवलाच्या वर भागीदाराने फर्मला पैसे दिले, म्हणजे कर्जासारखे, तर त्यावर 6%. हे मात्र खर्चच, तोट्यातही द्यायचं. कुणीतरी ही दोन पोटकलमं एकत्र कालवलीत. भांडवलावर करार नसेल तर व्याज नाहीच.

फिक्स्ड पद्धतीत व्याज, दुकानातून स्वतःसाठी काढलेली उचल, नफ्याचा हिस्सा सगळं भागीदाराच्या वेगळ्या चालू खात्यात जातं आणि भांडवल खातं शांत राहतं, इथपर्यंत ठीक. पण एखादीने ऑक्टोबरमध्ये आणखी 50,000 घातले किंवा भांडवलातूनच कायमचे काढले तर आकडा बदलतो, आणि व्याज तेवढ्याच महिन्यांचं मोजावं लागतं. फ्लक्च्युएटिंगमध्ये सगळं एकाच खात्यात असल्याने वर्षअखेरचा आकडा घेऊन व्याज काढलं की चुकलंच, आधी उचल परत मिळवून आणि नफ्याचा हिस्सा वजा करून सुरुवातीचं भांडवल काढावं लागतं.

राहिली उचल. महिन्याच्या मध्यावर दरमहा सारखी रक्कम काढली तर सरासरी 6 महिने, हे बरोबर. दरमहा 10,000 आणि 12% धरलं तर 7,200. पण तेच पैसे महिन्याच्या पहिल्या तारखेला काढले तर साडेसहा महिने, 7,800, आणि शेवटच्या तारखेला काढले तर साडेपाच, 6,600. मावशीच्या डीडमध्ये उचलीवर व्याजाचं कलमच नाही, त्यामुळे तिच्याकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, पहिल्या तारखेला काढो की तिसाव्या.