दिसेल तेच घ्या

सण तोंडावर आला आणि तुमची खरेदी अजून व्हायचीच आहे? कमाल आहे तुमची. चारचौघांत तोंड कसं दाखवणार?

मी विचारतोय त्याला कारण आहे. परवा आमचे साडू घरी आले होते. मी नवा शर्ट घातला होता. "वा, छान दिसतोय हो," म्हणाले, आणि मला वाटलं आता विषय संपला. तर नाही. माझ्या मानेमागे हात घालून त्यांनी कॉलर उलटी केली. शर्ट माझ्या अंगात असताना! आतली चिठ्ठी वाचली, नाव काही ओळखीचं निघेना, तेव्हा नापास पोराचं प्रगतिपुस्तक मिटावं तशी कॉलर परत खाली केली. "असू दे, घरात वापरायला बरा आहे."

तेव्हापासून मी या शास्त्राचा कसून अभ्यास केला आहे. माझ्यासारखे अडाणी लोक अजून बरेच असणार, म्हणून हे चार शब्द.

पहिलं म्हणजे, गरज आहे का हे विचारायचं नाही. गरज वर्षभर असते, सण थोडेच दिवस असतो.

दुसरं, घ्यायचं ते दिसणारं घ्या. हे मी मनाने सांगत नाही, याला मोठा आधार आहे. थॉर्स्टीन व्हेब्लेन नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १८९९ सालीच लिहून ठेवलंय की संपत्ती नुसती असून भागत नाही, ती लोकांसमोर मांडावी लागते, कारण मान मिळतो तो पुराव्यावर. आणि पुरावा पक्का कधी होतो? पैसे वाया गेलेले दिसले की. उपयोगाची वस्तू काय, कोणीही घेतो; तिच्यावरून घेणाऱ्याची ऐपत कळत नाही. जी वस्तू नसती तरी काहीच अडलं नसतं, तीवर खर्च केला की समोरच्याला कळतं, याच्याकडे उडवायला आहेत. बिचाऱ्याने हे टोमणा म्हणून लिहिलं होतं. आपण त्याची नियमावली केली.

आता दिसणारं म्हणजे नेमकं काय, याचाही छडा लागलेला आहे. ऑरी हेफेट्झ या अर्थतज्ज्ञाने अमेरिकेतल्या लोकांना एक साधा प्रश्न विचारला: एखाद्या घरात अमुक गोष्टीवर इतरांपेक्षा जास्त खर्च होतोय, हे तुमच्या किती लवकर लक्षात येईल? सिगारेट, गाडी, कपडे यांचा नंबर वर लागला. विमा आणि अंतर्वस्त्रं पार तळाला. तेव्हा यादी करताना हाच क्रम धरा. गादीला मधोमध खड्डा पडलाय? पडू द्या, पाहुणे काही तुमच्या गादीवर लोळायला येत नाहीत. दाढ दुखतेय? मागची आहे ना, मग हसताना दिसत नाही. विम्याचा हप्ता थकला तरी पाहुण्यांना त्याचा वास येत नाही. हे पैसे वाचवा आणि मोठा टीव्ही घ्या. जुना चालू आहे? चालू असणं हा टीव्हीचा गुण नाही, भिंत भरणं हा आहे.

सेल लागला की धावा. नको असलेली वस्तू निम्म्या किमतीत घेतली की निम्मे पैसे वाचतात. बाकीचे निम्मे कुठे गेले, हे घरी कोणी विचारलं तर विषय बदला.

दुकानाची पिशवी टाकू नका. शर्टापेक्षा ती जास्त टिकते.

आता मुख्य मुद्दा, नावाचा. नाव मोठं हवं, छातीवर हवं, रस्त्यापलीकडून वाचता यायला हवं. पूर्वी लोक फार मागासलेले होते. शर्ट कोणाचा हे कॉलरीच्या आत लपवायचे. १९३० च्या दशकात रने लाकोस्त या टेनिसपटूने आपल्या कंपनीच्या शर्टांवर छातीशी मगर लावली, आणि पुढे जगभरच्या छात्यांवर काय काय प्राणी चढले ते आपण पाहतोच. आता कंपनीला जाहिरातीचा फलक उभा करायचा तर जागेचं भाडं मोजावं लागतं. तुम्ही मात्र स्वतःच्या पैशाने फलक विकत घेता, अंगावर चढवता आणि लग्नाकार्यात, बाजारात, दवाखान्यात फुकट फिरवून आणता. असा उदार माणूस कुठल्याही कंपनीला हवाच असतो.

पण इथेच एक घोटाळा आहे, तो साडूंना कोणी सांगितलेला दिसत नाही. हान, नुनेस आणि ड्रेझ या तिघा अभ्यासकांनी २०१० साली महागड्या ब्रँडच्या हँडबॅगांच्या किमती आणि त्यांच्यावरचं नाव किती ठळक आहे हे ताडून पाहिलं. निघालं काय, तर ब्रँड तोच, पण बॅगेवरचं नाव जितकं ठळक, तितकी बॅग सहसा स्वस्तातली. कारण खरा पैसेवाला दुसऱ्या पैसेवाल्याला आकारावरून, बक्कलवरून ओळखतो. त्याला नाव वाचून दाखवावं लागत नाही. ठळक नावाचा माल असतो तो, ज्यांना आपण खालचे नाही एवढंच ओरडून सांगायचं असतं त्यांच्यासाठी. आणि नकली माल करणारेही मुख्यतः त्याच ठळक मालाची नक्कल करतात, कारण गिऱ्हाईक त्यालाच असतं. म्हणजे तुम्ही ज्यांच्यासारखं दिसायला एवढी धडपड करता, ते तुमच्या छातीवरची अक्षरं वाचून तुम्हाला बरोबर ओळखतात. ते तुमच्यातले नाहीत आणि तुम्ही त्यांच्यातले नाही, एवढं त्यांना कळतं. त्या छापासाठी तुम्ही जास्तीचे पैसे मोजलेत.

आणि कपड्याचं म्हणाल तर, एकाच कारखान्यात, त्याच मशीनवर वेगवेगळ्या कंपन्यांचा माल शिवला जाणं ही या धंद्यातली रोजची गोष्ट आहे. शर्ट बरा की वाईट हे बघायचं असेल तर चिठ्ठी कशाला वाचायची? चौकडीचा शर्ट असेल तर खिशाच्या रेघा खालच्या कापडाच्या रेघांशी जुळतात का बघा. जुळवायला कापड जास्त लागतं आणि वेळही लागतो, त्यामुळे घाईच्या मालात ते सोडून देतात. काजाचे धागे आत्ताच सुटायला लागलेत का बघा. बाजूची शिवण दोन्ही हातांनी हलकेच ताणा. टाके लांब असले तर मधून फट दिसते. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. माझ्या शर्टाच्या खिशाच्या रेघा तंतोतंत जुळतात हो! पण ते बघायला समोरून बघावं लागतं, मानेमागून नाही.

असो. रागावून चालणार नाही, अजून हप्त्यांचं राहिलं.

पैसे नसले तरी सण चुकवू नका. "शून्य टक्के व्याज" अशी पाटी दिसेल तिथे सही करून टाका. शून्य म्हणजे शून्य, त्यात कसला हिशोब? तरी एखाद्या चिकट माणसाने केलाच, तर तो असा करील. वस्तूची किंमत १०० धरा. बारा हप्त्यांत घेतली तर १०० च द्यायचे, वर काही नाही. पण शेजारीच दुसरी पाटी असते, एकरकमी रोख दिलेत तर दहा टक्के सूट. म्हणजे आज वस्तूची खरी किंमत ९० आहे. तुम्ही ९० उधार घेतलेत आणि वर्षभरात १०० फेडलेत. वरचे दहा हे व्याजच, फक्त त्याला सूट न मिळणं म्हणतात. आता वाटेल की ९० वर दहा, म्हणजे अकरा टक्के, फार नाही. पण ९० काही वर्षभर तुमच्याकडे नसतात. दर महिन्याला तुम्ही सव्वाआठच्या वर परत करत असता, त्यामुळे सरासरीने जेमतेम निम्मीच रक्कम तुमच्याकडे राहते. तेवढ्यावर दहा म्हणजे वार्षिक व्याज वीस टक्क्यांच्या घरात. वर प्रक्रिया शुल्क असलं तर आणखी. एवढं ओळखायला अर्थतज्ज्ञ लागत नाही, दुकानदाराला एकच विचारायचं, "आत्ता सगळे रोख दिले तर कितीला?" तो आकडा कमी सांगितला, तर शून्य खोटं आहे. पण हे विचारायला लाज वाटते ना आपल्याला. मागे रांगेत ओळखीचं कोणी उभं असलं तर?

फोटो मात्र लगेच टाका. हप्ता सुरू होण्याआधी.

आता जरा सरळच बोलतो. सोल्निक आणि हेमेनवे या दोघांनी १९९८ च्या एका अभ्यासात लोकांना निवड करायला सांगितलं: वर्षाला तुम्हाला ५० हजार डॉलर आणि बाकीच्यांना २५, की तुम्हाला एक लाख आणि बाकीच्यांना दोन लाख? वस्तूंच्या किमती दोन्हीकडे सारख्याच. जवळपास निम्म्या लोकांनी ५० हजार घेतले. निम्मं उत्पन्न गेलं तरी चालेल, पण शेजारी आपल्या खाली हवा! हे वाचून आपण हसतो, आणि संध्याकाळी साडूने कुठली गाडी घेतली ते बघून बायकोशी बोलणं टाकतो.

आणि या खटाटोपाने तुम्ही पुढे तरी जाता का? तुम्ही मोठा टीव्ही घेतला, साडूने त्याहून मोठा घेतला, आता तुम्ही पुन्हा तिथेच. दोघांच्या भिंती भरल्या, दोघांचे हप्ते सुरू झाले, कोण वर हा प्रश्न मात्र जागच्या जागी. दोघांनीही घेतला नसता तरी क्रम हाच राहिला असता, आणि हे दोघांनाही माहीत आहे. तरी पहिल्यांदा थांबायला कोणी तयार नाही.

मोठ्यांनी आपल्या पैशाची माती करावी, माझी ना नाही. पण तुम्ही पोरांसमोर बुटांची नावं घेता. कोणाचे खरे, कोणाचे नकली, हे जेवताना बोलता. ते पोर शाळेत जाऊन तेच करतं, शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या पायांकडे बघून हसतं. तो मुलगा घरी जाऊन रडतो आणि त्याचा बाप, ज्याला हे परवडत नाही, तोही त्या शून्याच्या पाटीखाली जाऊन उभा राहतो. त्याच्या वीस टक्क्यांतले थोडे तुमच्यामुळे आहेत. ते भरायला तुम्ही जाणार आहात का?