ब्लँकेटं चालतील, पडदे नाहीत

आमच्या मंडळाचं पहिल्या वर्षीचं आवाहन जेमतेम तीन ओळींचं होतं. मोखाड्याच्या पाड्यांसाठी ब्लँकेटं गोळा करतोय, वापरण्यायोग्य असावीत, नौपाड्यात आणून द्यावीत. संपलं. आता तेच आवाहन वाचायला अंगठा दुखेपर्यंत स्क्रीन सरकवावी लागते. ते लिहायचं काम माझ्याकडे, कारण मंडळात शुद्ध मराठी लिहिणारा मी एकटाच आहे असा एक समज आहे. (मला वेळ असतो, हा दुसरा.) ज्येष्ठ सभासद विचारतात, "अरे, दान देणाऱ्याला एवढ्या अटी?" त्यांना कसं सांगणार की यातली एकही अट आम्ही मनाने घातलेली नाही. प्रत्येक अट कुणीतरी पिशवीत घालून आणून दिलेली आहे.

'पडदे नकोत' ही अट एका काकूंनी कड्यांसकट आणून दिली. "चांगले जाड आहेत, दुपारीसुद्धा अंधार होतो," म्हणाल्या. अंधाराची पाड्यावर टंचाई नाही, हे मी गिळलं. 'उशा, अभ्रे, गाद्या नकोत' ही अट घोडबंदर रोडच्या एका अख्ख्या टॉवरने मिळून पाठवली. बहुधा लिफ्टमध्ये ठरलं असावं. आणि 'सरकारी खात्याचं नाव छापलेली ब्लँकेटं नकोत' ही अट कुणी दिली ते विचारू नका. आम्हीही विचारलं नाही. ते ब्लँकेट एसी डब्यातून उतरून नौपाड्यापर्यंत कसं आलं, याबद्दल आमची भूमिका अशी की गाड्यांना हल्ली गर्दी फार असते.

शालींचा प्रश्न नाजूक. ठाण्यात कार्यक्रम भरपूर, त्यामुळे सत्कारही भरपूर. शाल मिळाली नाही असा साठीपुढचा ठाणेकर दाखवा. निवृत्त झालेले एक सर मोठी बॅग भरून शाली घेऊन आले आणि एकेकीचा इतिहास सांगू लागले. आमचा खजिनदार व्यवहारी माणूस. त्याने एक शाल ट्यूबलाइटसमोर धरली, तर ट्यूब दिसलीच, वर तिच्यावरची कंपनीही वाचता आली. तेव्हापासून ट्यूबलाइट ही आमची अधिकृत चाचणी आहे. आरपार उजेड आला तर वस्तू बाजूला. त्यानंतर नाकाची चाचणी. डांबरगोळीचा वास चालतो, दोन दिवस उन्हात टाकला की जातो. कुबट वास मात्र चालत नाही, कारण तो ओलीचा असतो, आणि बांधलेल्या गाठोड्यात एक ओलसर रजई असली तर शेजारच्या चारही तसल्याच होतात. म्हणून 'धुऊन, पूर्ण वाळवून द्यावीत' हे ठळक अक्षरांत. तरीही फोन येतोच, "तुमच्याकडे धुण्याची सोय असेलच ना?" आमच्याकडे गणपतीचं मखर ठेवायची एक खोली आहे, मखरासकट.

खरी अडचण वेगळी. ठाणेकराच्या घरात ब्लँकेट असतं ते एसीसाठी. चोवीसवर एसी लावायचा आणि मऊ दोहर ओढायची, ही आपली थंडी. पाड्यावर कुडाच्या भिंतीतून वारा आत येतो, खाली सारवलेली जमीन, आणि पहाटेचा गारठा जितका वरून येतो तितकाच खालून. तिथे दोहर म्हणजे शुभेच्छापत्र. त्यामुळे 'एसीची पातळ ब्लँकेटं दोन दिल्यास एक धरली जातील' ही ओळ घातली. त्यावरून एका सोसायटीच्या कमिटीत वाद झाला म्हणे.

मग तुम्ही म्हणाल, ते जाड, गुबगुबीत, वाघाचं चित्र असलेलं मिंक ब्लँकेट द्यावं. आम्हालाही तेच वाटायचं. पण जिथे ते नेतो तिथे लोक चुलीशेजारी झोपतात. मिंक हे पॉलिस्टर. ठिणगी पडली की धागा वितळतो, वाघाच्या डोळ्याच्या जागी भोक पडतं आणि भोकाची कड काळी, टणक होते. वितळलेला थेंब कातडीला चिकटला तर भाजतं ते वेगळंच. लोकर जळते पण वितळत नाही, लवकर पेटही घेत नाही. म्हणून आमच्या यादीत पहिला मान घोंगडीचा, मग जाड सोलापुरी चादर, मग घरची गोधडी. सुती चादरही पेटते, पण निदान अंगाला चिकटत नाही. मिंक नाकारत नाही. ते देताना शाळेतले गुरुजी 'चुलीपासून लांब' एवढं बजावतात.

गुरुजींनीच आम्हाला आणखी एक शिकवलं. पहिल्या वर्षी आम्ही सगळं टेम्पोतून उतरवलं आणि हाताला येईल ते वाटलं. एका घरी डबलबेडचं मिंक, शेजारच्या घरी विटकी चादर. संध्याकाळपर्यंत पाड्यावर थंडीचा पत्ता नव्हता, वातावरण इतकं तापलं होतं. आता गुरुजी आधीच घरांची यादी पाठवतात आणि आम्ही मखराच्या खोलीत बसून समतोल साधतो. घराला एक जाड, नाहीतर दोन मध्यम. घोंगडी आली तर तिच्यासोबत चादर नाही, विटकी असेल तर जोडीला गोधडी. मग सुतळीने गाठोडं, त्यावर मार्करने घराचा क्रमांक. जागावाटपाच्या बैठकांना इतका वेळ का लागतो हे मला तिथे बसून कळलं.

संकलनाची ठिकाणं तीन. नौपाड्यातलं मंडळाचं कार्यालय, पाचपाखाडीतलं किराणा दुकान आणि वर्तकनगरची एका सभासदाच्या मामांची लाँड्री. लाँड्री ही कल्पना सेक्रेटरीची. लोकांची ये-जा असते, जागा असते, झकास. शनिवारी आमची मुलं गेली आणि कोपऱ्यातला ढीग उचलून घेऊन आली. नेमकं त्यातच एका गिऱ्हाइकाचं ड्रायक्लीनला दिलेलं, सासरहून आलेलं जयपुरी रजईचं जोडपं होतं. ट्यूबलाइटची चाचणी दोन्ही रजया पहिल्या फटक्यात उत्तीर्ण, वासही छान. आम्ही इतके खूश की त्यांचा फोटोसुद्धा 'असं दान हवं' म्हणून ग्रुपवर टाकला. रजईच्या मालकीणबाई त्याच ग्रुपवर होत्या. तेव्हापासून लाँड्रीत आमचा भगवा पिंप आहे, आणि पिंपाबाहेरच्या कापडाला हात लावायचा नाही असा मामांचा हुकूम.

तारखांचंही तसंच. दिवाळीआधी आवाहन टाकलं तर साफसफाईत निघालेलं सगळं येतं, त्यात ब्लँकेट सोडून बाकी सगळं असतं. म्हणून नोव्हेंबरचे शेवटचे दोन शनिवार-रविवार, सकाळी दहा ते एक. डिसेंबर लागताच टेम्पो कसाऱ्यावरून विहीगाव, खोडाळ्याच्या रस्त्याला लागला पाहिजे, कारण जानेवारीत पोचलेलं ब्लँकेट म्हणजे वरातीमागून घोडं. 'मुदतीनंतर स्वीकारलं जाणार नाही' असं लिहितो. टेम्पो सुटायच्या आदल्या रात्री पावणेअकराला बेल वाजते आणि दारात कुणीतरी पिशवी धरून उभं असतं, "आत्ताच वाचला मेसेज."

यंदाही ती पिशवी आलीच. झोपेत होतो, ट्यूबलाइट लावली नाही, तशीच शेवटच्या गाठोड्यात कोंबली. दोन दिवसांनी गुरुजींचा निरोप आला. ब्लँकेटं सगळ्यांना पुरली, भांडण नाही. फक्त चौदा नंबरच्या घराला चादरीसोबत मोतिया रंगाची एक शेरवानी निघाली. परत पाठवू नका म्हणावं का, कारण त्या घरच्या मुलाचं माघात लग्न आहे आणि ती त्याला खांद्यात अगदी बरोबर बसतेय.

सेक्रेटरी विचारतोय, पुढच्या वर्षी शेरवानी 'चालेल'मध्ये लिहायची की 'चालणार नाही'मध्ये. गुरुजी म्हणतात, काही लिहू नका, फक्त मोजडी कुणाकडे असेल तर बघा, आठ नंबर.